पंखा गरगर फिरतोय, एसी 20 वर आहे, तरी घाम येतो: दोष नेमका कुठे?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन दर मे महिन्यात ठरलेला. "अरे, एसी खराब झालाय बहुतेक. वीसवर ठेवलाय, पंखा पाचवर आहे, तरी अंगाला गार म्हणून लागत नाही." मागच्या उन्हाळ्यात एसीवाला येऊन फिल्टर धुऊन, गॅस बघून गेला होता. गॅस व्यवस्थित होता. यंदा त्यांनी आधी मला बोलावलं. एसी ठीकच होता, बिघडला होता पंखा. पण पंखा फिरताना दिसत असला की त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, म्हणून वर्षभर तो तसाच चालू राहिला.

घर ठाण्यात, गच्चीखालचं. खोली दहा बाय बारा, दीड टनाचा स्प्लिट एसी, 1200 मिलिमीटरचा साधा तीन पात्यांचा पंखा. रात्री नऊला स्लॅबला हात लावला तर कोमट लागत होता. खोलीत उभं राहिलं की डोक्याला गरम आणि पायाला गार. पंखा चालू असताना असं व्हायला नको. तो चालू असेल तर वरची आणि खालची हवा एक झाली पाहिजे. मी पलंगावर आडवा झालो आणि पंख्याच्या बरोबर खाली हात धरला. वारा जवळजवळ नाहीच. भिंतीजवळ गेलो तर तिथे मात्र कपाटावरचा कॅलेंडरचा कागद हलत होता.

पंखा उलटा फिरत होता. हवा खाली ढकलण्याऐवजी वर स्लॅबकडे ढकलत होता आणि ती छताला लागून भिंतींवरून खाली येत होती.

उलटा-सुलटा ओळखायला बहुतेक जण घड्याळाच्या काट्यांचा नियम सांगतात. आपल्याकडचे बहुतेक छताचे पंखे खालून पाहिल्यावर काट्यांच्या उलट दिशेने फिरतात हे खरं, पण पाती कशी वळवली आहेत त्यावर ते अवलंबून असतं, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. पंखा बंद करून एक पातं कडेने बघा. त्याची एक कड वर असते, एक खाली. फिरताना वरची कड पुढे असेल तर पात्याची खालची बाजू हवेला खाली दाबते. खालची कड पुढे असेल तर हवा वर जाते. इतकंच बघायचं.

काकूंच्या पंख्यावर आणखी एक पुरावा होता. पात्याची जी कड हवा कापत पुढे जाते तिच्यावर धुळीचा काळा पट्टा बसतो. पंखा पुसताना सगळ्यांत जास्त घासावं लागतं ते तिथेच. इथे हा पट्टा खालच्या कडेवर होता, चांगला जाड. काकू दिवाळीत पंखे पुसतात म्हणजे पुसतातच. तेव्हा हा पट्टा दिवाळीनंतरचा, म्हणजे पंखा निदान सहा महिने तरी उलटा फिरत असणार. "मागच्या एप्रिलमध्ये कंडेन्सर बदलला होता," काकूंना आठवलं. "हळू फिरत होता म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत बदलून दिला. तेव्हा तर छान फिरत होता." म्हणजे गडबड त्याच दिवशी झाली होती.

ती कशी होते ते समजायला पंख्याच्या पोटात थोडं शिरावं लागेल. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. दोघांचं एकेक टोक आतच जोडलेलं असतं, ते कॉमन. म्हणून मोटरमधून तीन वायरी बाहेर येतात: कॉमन, रनिंग, स्टार्टिंग. घरची वीज कॉमन आणि रनिंगला मिळते. कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये बसतो. त्याच्यामुळे स्टार्टिंग वाइंडिंगमधला करंट रनिंगच्या थोडा पुढे धावतो, आणि दोघांमधल्या या अंतरामुळे चुंबकीय क्षेत्र एका दिशेने फिरायला लागतं. पंखा त्याच्या मागे जातो.

कपॅसिटरला दोनच टोकं. बदलताना वायरमनने वीज कपॅसिटरच्या ज्या टोकाला रनिंग आहे त्याऐवजी स्टार्टिंगच्या टोकाला जोडली, तर दोन्ही वाइंडिंगची कामं उलटतात. स्टार्टिंगवर थेट वीज येते आणि रनिंग कपॅसिटरमागे जातं. क्षेत्र उलट्या दिशेने फिरतं आणि पंखाही. ठिणगी उडत नाही, एमसीबी पडत नाही, पंखा सुरू होतो, वायरमन पैसे घेऊन जातो. पण स्टार्टिंग वाइंडिंगची तार सहसा बारीक असते आणि ती हे काम करायला केलेली नसते. मोटर जास्त तापते आणि वेगही कमी मिळतो.

हातात मल्टिमीटर नसेल तर वायरींच्या रंगावरून ठरवू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. मीटर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. मेनचा एमसीबी खाली पाडा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असतं आणि पंख्यावर वीज तशीच राहते. टेस्टरने खात्री करा. मोटरच्या वरची वाटी सैल करून वर सरकवली की जोडण्या आणि कपॅसिटर दिसतात. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरची दोन्ही टोकं क्षणभर एकमेकांना टेकवा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. त्याने जीव जात नाही, पण स्टुलावर उभं असताना बसलेला छोटा झटकाही खाली पाडतो.

मग तिन्ही वायरी मोकळ्या करून दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजायचा. काकूंच्या पंख्यावर मला 165, 235 आणि 400 ओहम मिळाले. सगळ्यांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका असतो, म्हणजे तो रनिंग ते स्टार्टिंग असा दोन्ही वाइंडिंगमधून जाणारा. त्या मोजणीत जी वायर बाहेर राहिली ती कॉमन. कॉमनपासून कमी ओहम दाखवते ती रनिंग, जास्त दाखवते ती स्टार्टिंग. तुमच्या पंख्यावर आकडे वेगळे येतील, नातं हेच राहील. काही पंख्यांत दोन्ही वाइंडिंग जवळजवळ सारखी असतात. तेव्हा कॉमन ओळखून जोडून बघायचं, आणि उलटा फिरला तर कपॅसिटरच्या एका टोकावरची वीज दुसऱ्या टोकावर न्यायची. आणि एखाद्या जोडीवर मीटर काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटलं आहे. मग कपॅसिटर कितीही बदला, उपयोग नाही.

वाटी उघडण्याआधी मी एक वेगळं माप घेतलं होतं, ते सांगायला हवं, कारण पंख्याचा वेग डोळ्यांनी कळत नाही. एका पात्याच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचं चित्रीकरण केलं आणि पट्टी पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागतात ते मोजलं. 14400 ला फ्रेमच्या आकड्याने भागलं की मिनिटाचे फेरे मिळतात. 68 फ्रेम आल्या, म्हणजे मिनिटाला जेमतेम 212 फेरे. या आकाराचा धडधाकट पंखा पाचवर साधारण साडेतीनशे ते चारशे फेरे घेतो. आणि काकू म्हणत होत्या गरगर फिरतोय!

जोडणी सुलटी केली, पुन्हा मोजलं. 52 फ्रेम, म्हणजे सुमारे 277. वारा खाली आला, तरी वेग अजून अपुरा. म्हणजे दोष एक नव्हता.

वेग कमी असेल तेव्हा माझा क्रम ठरलेला आहे. आधी रेग्युलेटर पाचवर ठेवायचा. हल्लीच्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये पाच नंबरला वीज थेट जाते, आतले कपॅसिटर फक्त एक ते चारवर मध्ये येतात. म्हणून पाचवर पंखा जोरात आणि तीनवर एकदम मेलेला, किंवा दोन आणि तीन सारखेच, असं असेल तर पंख्याला हात लावू नका, रेग्युलेटर बदला. पाचवरही हळू असेल तर दोष पुढे आहे. मग पंखा बंद करून पात्याला बोटाने ढकलायचं. मोकळं बेअरिंग पंख्याला कितीतरी फेरे हळुवार फिरवत ठेवतं. दोन-तीन फेऱ्यांत अडखळून थांबला, किंवा फिरताना खरखर ऐकू आली, तर बेअरिंग गेलं. ते बदलायला मोटर खोलावी लागते, ते दुकानात द्यावं. घरातले सगळेच पंखे संध्याकाळी सात ते अकरा मंद आणि पहाटे ठणठणीत असतील तर व्होल्टेज कमी येतंय, त्याला तुमचा वायरमन काही करू शकत नाही. यांतलं काहीच नसेल तर राहतो कपॅसिटर.

काकूंचा रेग्युलेटर ठीक, बेअरिंग मोकळं. कपॅसिटर काढून मीटरवर लावला. वर छापलेलं 2.5 मायक्रोफॅरड, मीटर म्हणतो 1.7. जेमतेम वर्षाचा कपॅसिटर.

यांच्या आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते, तिच्यावर त्याहून पातळ धातूचा थर. फिल्मला कुठे बारीक छिद्र पडलं की तिथला धातू जळून जातो आणि छिद्र आपोआप वेगळं पडतं. म्हणून तो फुटत नाही, पंखा चालू राहतो. पण दर वेळी थोडा थर कमी होतो आणि त्याबरोबर कपॅसिटी घटते. उष्णतेत हे भराभर होतं. म्हणूनच पंखा एका दिवसात बंद पडत नाही. "हल्ली जरा हळू झालाय" असं म्हणता म्हणता दोन उन्हाळे निघतात. शेवटी एक दिवस नुसता हूं हूं करत उभा राहतो आणि काठीने ढकलला की चालू होतो. कपॅसिटर पूर्ण गेलेला असेल तर ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला फिरतो, हीच त्याची खूण. तसा रोज ढकलून चालवू नका, वाइंडिंग तापतं.

इथे एका वर्षात 2.5 वरून 1.7 का झालं? माझा अंदाज असा: उलट्या जोडणीने मोटर जास्त तापत होती, कपॅसिटर तिच्याच डोक्यावर वाटीत बंद, आणि त्यावर तापलेला स्लॅब. शिवाय बसवलेला कपॅसिटर नावाला होता. त्याच्यावर 2.5 सोडून काहीही धड छापलेलं नव्हतं. घेताना त्यावर मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट एसी, 50 हर्ट्झ, तापमानाची मर्यादा आणि आयएसआयची खूण आहे का ते बघा. पंख्याच्या कपॅसिटरचं भारतीय मानक IS 1709 आहे, तो आकडाही छापलेला असतो. घरी वीज 230 व्होल्टची असताना 440 कशाला, असं विचाराल, तर वाइंडिंगबरोबर जोडल्यावर कपॅसिटरच्या टोकांवर घरच्या व्होल्टेजपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज येतं म्हणून.

दुकानदार काउंटरवर हमखास म्हणतो, "3.15 न्या, पंखा पळेल." मलाही म्हणाला. नेऊ नका. 2.5 च्या पंख्यात 3.15 घातला की सुरुवातीला थोडा वेग वाढलेला वाटतो, पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट जातो. मोटर गुणगुणते, तापते, आणि तारेवरचं व्हार्निश हळूहळू जळतं. पन्नास-साठ रुपयांच्या सुट्या भागासाठी पुढे रिवाइंडिंगचा खर्च अंगावर घेण्यासारखं आहे ते. जुन्या कपॅसिटरवर किंवा मोटरच्या पट्टीवर जो आकडा असेल तोच घ्या, 2.25 असेल तर 2.25. आधीच्या वायरमनने भलताच घातला असेल अशी शंका असेल तर पट्टीवर विश्वास ठेवा.

नवा 2.5 चा आणला. बसवण्याआधी मीटरवर लावला, 2.48. जोडला, वाटी बसवली, एमसीबी वर केला. 41 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 351 फेरे. कॅलेंडर शांत झालं आणि काकूंच्या पलंगावरची चादर हलायला लागली.

आता एसीचं. काकूंना वाटत होतं पंखा खोली गार करतो. करत नाही. उलट साधा पंखा सुमारे 75 वॉट खातो आणि ते सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतात. मी उशाशी छोटा थर्मामीटर ठेवला होता. पंखा बंद असताना 27, पंखा चालू करून दहा मिनिटांनी 27. पण पलंगावर झोपलेल्या माणसाला मात्र दोन-तीन अंशांनी गार वाटतं, कारण अंगाभोवती साचलेला ओलसर, कोमट हवेचा पापुद्रा वाऱ्याने निघून जातो आणि घाम वाळतो. ठाण्यासारख्या दमट हवेत हे जास्त जाणवतं. म्हणून रिकाम्या खोलीत "खोली गार राहू दे" म्हणून पंखा चालू ठेवणं म्हणजे वीज फुकट घालवणं.

दुसरं काम हवा एकत्र करण्याचं. स्प्लिट एसी वर भिंतीला असतो आणि खोलीचं तापमान तो आपल्याच तोंडाशी ओढलेल्या हवेवरून ठरवतो. गार हवा खाली बसली आणि वर स्लॅबची ऊब साचली की एसीला खोली गरमच वाटते. काकूंकडे तेच होत होतं. शिवाय उलटा पंखा हवा थेट तापलेल्या स्लॅबवर फेकत होता, तिथून ती ऊब घेऊन भिंतीवरून खाली आणत होता. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता, आणि पलंगावर वारा मात्र शून्य.

पंखा सुलटा झाल्यावर एसी 26 वर ठेवला, त्याच्या पट्ट्या आडव्या केल्या म्हणजे गार हवा आधी छताखालून पुढे जाईल, आणि पंखा दोनवर. पाचवर नाही, हे गच्चीखालच्या खोलीसाठी मुद्दाम सांगतो. स्लॅब तापलेला असताना जोरात फिरणारा पंखा त्याची उष्णता भराभर खाली ओढतो. संध्याकाळी एसी लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मी पंखा बंदच ठेवतो किंवा एकवर, मग दोन-तीन. खालच्या मजल्यावर, जिथे स्लॅबच्या वर दुसऱ्याचं घर आहे, तिथे ही काळजी नको.

पैशांचं बघायचं तर ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नवे एसी चालू करताच 24 वर येतात ते याच विचाराने. रात्री आठ तासांत एसी सरासरी आठ युनिट खात असेल आणि पंख्याच्या भरवशावर तुम्ही चार अंश वर नेलंत, तर दोन युनिटच्या जवळपास वाचतात. त्याच आठ तासांत पंखा पाचवर पाऊण युनिटही खात नाही, दोनवर त्याहून कमी. पण एसी 20 वरच ठेवून वर पंखाही लावला तर बचत काहीच नाही, फक्त पहाटे पांघरूण जास्त लागतं.

ज्यांच्याकडे रिमोटचा बीएलडीसी पंखा आहे त्यांना वरचं कपॅसिटरचं प्रकरण लागू नाही. त्यात हा कपॅसिटर नसतो, सर्किट असतं, आणि तो जुन्या रेग्युलेटरवरून चालवायचा नसतो. रेग्युलेटर काढून थेट बटणावर घ्यायचा. यातले काही पंखे रिमोटच्या बटणाने उलटे फिरतात. ती सोय थंड देशांत हिटरची छताला साचलेली ऊब खाली आणायला केलेली आहे. आपल्याकडे ते बटण बहुतेक वेळा नातवंडंच दाबतात, तेव्हा वारा अचानक गेला तर आधी रिमोट तपासा.

काकूंच्या पंख्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला मी मार्करने तारीख आणि 2.48 लिहून ठेवलंय. पुढच्या एप्रिलमध्ये, फोन येण्याआधी, मीटर घेऊन वर जाणार आहे. 2.3 च्या वर असेल तर तोच ठेवणार, खाली आला असेल तर बदलणार. आणि पात्याच्या कडेवरची धूळ कुठल्या बाजूला आहे तेही बघून येणार.